वजनाची वही की नगवार रजिस्टर: चोरीच्या दाव्यात काय टिकतं?

ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसीचं नूतनीकरण आलं की आपण हप्त्यावर घासाघीस करतो. माझं म्हणणं, आधी स्टॉक कसा लिहायचा ते ठरवा.

गिरगावातलं एक दुकान धरा. रात्री शटर तोडलं, तिजोरी गॅस कटरने कापली. मालकाच्या अंदाजाने ४० लाखांचा माल गेला.

वजनाच्या वहीत सापडतं ते एवढंच: "२२ कॅरेट बांगड्या, ४१२ ग्रॅम". सर्व्हेअर मागचा शिल्लक साठा घेतो, त्यात खरेदी मिळवतो, विक्री वजा करतो आणि उरलेल्या मालाशी ताळा जमवतो. कारागिराकडे पॉलिशला गेलेले ३०० ग्रॅम वहीत दुकानातच दिसत असतील, तर तेही चोरीत धरले जातात. ते उघड झालं की अख्ख्या वहीवरचा विश्वास उडतो. शिवाय मोजणीत आढळलेली तूट म्हणजे चोरी नव्हे. पॉलिसीत ती सहसा वगळलेलीच असते.

नगवार रजिस्टरात प्रत्येक दागिन्याला टॅग नंबर, ग्रॉस आणि नेट वजन, एचयूआयडी, खरेदी बिलाचा नंबर आणि "रात्री कुठे" हा रकाना असतो: तिजोरी, शोकेस, कारागीर. पोलिसांना यादी लगेच देता येते आणि फिर्याद व दावा यांचे आकडे जुळतात. रोज दुकान बंद करताना वेळ मोडतो, हे खरं. चांदीची किरकोळ भांडी मी तरी वजनावरच ठेवीन.

हा रकाना मालकाच्या विरोधातही बोलतो. आपल्या उदाहरणातल्या दुकानात ८ लाखांचे हार रात्री शोकेसच्या बस्टवरच राहिले होते. बंद वेळेत तिजोरीबाहेर राहिलेल्या मालाला सहसा संरक्षण नसतं. म्हणून दावा उरला ३२ लाखांचा. तिजोरी किल्लीने उघडली असती तर हेही अडलं असतं, कारण किल्ली धाक किंवा जबरदस्तीने घेतली असेल तरच अशी चोरी सहसा मान्य होते. दुसरी किल्ली गल्ल्यात ठेवू नका.

पुढचा फटका कमी विम्याचा. पॉलिसी २ कोटींची आणि रजिस्टरप्रमाणे त्या रात्री साठा अडीच कोटींचा. प्रमाण ८० टक्के, म्हणून हाती २५ लाख ६० हजार, तेही एक्सेस कापण्याआधी. हे टाळायला काही जण साठाच कमी लिहितात. मग जे लिहिलंच नाही ते चोरीला गेलं, हे कुठल्या कागदाने दाखवणार? सोन्याचा भाव चढला की वर्षाच्या मधेच विमा रक्कम वाढवून घेणं हाच सरळ उपाय.

मी नगवार रजिस्टरच निवडेन, आणि रोज रात्री त्याची एक प्रत दुकानाबाहेर ठेवीन. चोर जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि काउंटरवरचा कॉम्प्युटरही उचलून नेतात.