टिंबं द्यायची की साधं लिहायचं? संस्कृत-अरबी शब्दांच्या स्पेलिंगच्या दोन वाटा

रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावावर माझ्या विद्यार्थिनीने इंग्रजीत पेपर लिहिला. विषय होता गावातला पितृपक्ष आणि दर्ग्याचा उरूस. दुसऱ्या पानावर shraddha, सातव्या पानावर पुन्हा shraddha. पहिलं श्राद्ध, दुसरी श्रद्धा. आपण संदर्भावरून ओळखतो, पण मराठी न येणारा परीक्षक अडतोच.

साध्या स्पेलिंगची उणीव ही. आयएएसटी ही अक्षरांना टिंबं-रेघा देऊन संस्कृत रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत; तिच्यात śrāddha आणि śraddhā लगेच वेगळे दिसतात. साधं स्पेलिंग मात्र कुठल्याही कीबोर्डवर टाइप होतं, वाचायला सोपं जातं, आणि फॉन्ट बदलला म्हणून अक्षरांच्या जागी चौकोन येत नाहीत.

अरबीत गफलत वेगळी होते. तिने सूफी साधनेतल्या ‘हृदया’साठी kalb लिहिलं होतं, कारण आपल्या तोंडी दोन्ही ‘क’ सारखेच. पण qalb म्हणजे हृदय आणि kalb म्हणजे कुत्रा. इथे टिंबाचा प्रश्नच नाही. साधं लिहा, पण q सोडू नका.

टिंबं द्यायची ठरवली तर एक सापळा आहे. आयएएसटीतला ṭ म्हणजे आपला ट, जसा ṭīkā मध्ये. अरबीसाठी आयजेएमईएस, म्हणजे ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ मिडल ईस्ट स्टडीज’ या नियतकालिकाची पद्धत घेतली तर ṭarīqa मधला ṭ म्हणजे ط, जिभेचा मागचा भाग उचलून उच्चारलेला जड त. ḥ संस्कृतात विसर्ग, अरबीत ح. श संस्कृतात ś, तर अरबीत sh. म्हणून दोन्ही भाषांना एकच पद्धत लावू नका. पहिल्याच तळटीपेत सांगा की संस्कृतसाठी ही आणि अरबीसाठी ती. आयजेएमईएस पद्धतीत माणसांच्या आणि गावांच्या नावांवर टिंबं देत नाहीत, फक्त ऐन आणि हमजा या अरबी अक्षरांची ʿ आणि ʾ ही चिन्हं ठेवतात.

उरसाचं काय? अरबी ʿurs बरोबरच आहे, पण गावकरी उरूस म्हणतात. मुलाखतींवर उभ्या पेपरात मी urus ठेवते आणि मूळ रूप पहिल्या उल्लेखाला कंसात देते. तसंच prasād, prasāda नाही, कारण शेवटचा अ तिथे कुणी उच्चारत नाही. ग्रंथांचं विवेचन असेल तर मात्र मी बिनदिक्कत पूर्ण टिंबं निवडते.

टिंबं घेतलीत तर शेवटी एक तपासणी कराच. ṣ हे एकच अक्षर म्हणूनही येतं, आणि s खाली वेगळं टिंब जोडूनही. दिसायला सारखंच, पण शोधताना दुसरं निसटू शकतं. ऐनचंही तेच: वर्ड ' चं वळणदार अवतरणचिन्ह ‘ करून टाकतं आणि ते ʿ सारखंच दिसतं. म्हणून शब्दांची यादी आधी वेगळ्या फाइलमध्ये करा आणि प्रत्येक शब्द तिथूनच कॉपी करा. तिच्या यादीत 42 शब्द झाले. ती करायला एक संध्याकाळ गेली, पण त्यानंतर श्राद्धाची श्रद्धा झाली नाही.