गृहकर्जावरचं अनुदान: जुनी योजना एकरकमी, नवी पाच हप्त्यांत

पंतप्रधान आवास योजनेच्या (शहरी) जुन्या व्याज अनुदानात 2.67 लाखांपर्यंतची रक्कम एकदम कर्जखात्यात जमा होई, मुद्दल तेवढं उतरे आणि ईएमआय घटे. आता 2.0 मध्ये कमाल 1.80 लाख मिळतात, तेही पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला 36,000.

अटी: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नको.

खरी मेख पुढे आहे. अनुदानाचा हप्ता सुटताना कर्ज चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवं. वीस लाखांच्या कर्जात बोनस भरून बाकी नऊ लाखांवर आणलीत, तर उरलेले हप्ते गेले. जुन्या योजनेत पैसे आधीच जमा झाल्यामुळे ही टांगती तलवार नव्हती.