इंग्रजी ‘द’ कुठे लावायचं: सॉफ्टवेअर की पेन्सिल?

मुठेच्या पाण्यावरचा एका विद्यार्थिनीचा इंग्रजी रिसर्च पेपर परवा तपासला. ‘सेन्सर वॉज फिक्स्ड निअर ब्रिज’वर व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने लगेच रेघ मारली. मोजता येणारं एकवचनी नाम उघडं राहत नाही, एवढं त्याला कळतं. पण ‘द सॅम्पल्स शोड लेड’ आणि नुसतं ‘सॅम्पल्स शोड लेड’, दोन्ही त्याला चालतात. ‘द’ लावलं तर पेपरात आधी सांगितलेल्या बाराही नमुन्यांत शिसं सापडलं; काढलं तर कुठल्या, किती, पत्ता नाही. निष्कर्षच हलला की!

म्हणून मी प्रत्येक नामाखाली पेन्सिल फिरवते: वाचकाला ‘तोच’ कळतोय, की ‘कुठलातरी एक’? वेळ जातो खरा. शिवाय मराठी कान फसवतो: ‘एक माहिती’ आपल्याला चालते, इंग्रजी ‘इन्फॉर्मेशन’ला ‘अ‍ॅन’ चालत नाही. ते मात्र सॉफ्टवेअर सहसा पकडतं.