सुपरडेक्स २०० कॉलम: बरेच महिने वापरल्यानंतर काय वाटतं

सुपरडेक्स २०० इन्क्रीज, १०/३०० वाला कॉलम आमच्याकडे बरेच महिने सतत चालू आहे, आता त्याच्याबद्दल माझं मत पक्कं झालंय. प्युरिफाय केलेलं प्रोटीन अ‍ॅग्रिगेट झालंय का हे बघायला मला हा फार आवडतो. पण त्याच रनवरून मॉलिक्युलर वेट काढून लगेच "डायमर आहे", "ट्रायमर आहे" असं लिहून टाकणार असाल तर जरा थांबा.

आमचंच प्रोटीन घ्या. सिक्वेन्सवरून ३२ किलोडाल्टन, एसडीएस जेलवर पण तिथेच एक स्वच्छ बँड. कॉलमवर मात्र पीक आला १४.१ एमएलला. ब्लू डेक्स्ट्रान ८.२ ला येतो म्हणजे तो व्हॉइड, बेड २४ एमएलचा, आणि सूत्र नेहमीचंच:

Kav = (Ve − V0) / (Vc − V0)

म्हणजे ५.९ भागिले १५.८, साधारण ०.३७. अल्डोलेज, कोनाल्ब्युमिन, ओव्हाल्ब्युमिन वगैरे स्टँडर्डची जी रेषा काढली होती तिच्यावर हे ७५ च्या जवळ बसतं. ७५ ला ३२ ने भागलं की २.३. आता डायमर म्हणावं तर ६४ हवं, ट्रायमर म्हणावं तर ९६, आपण मधेच लटकलेले.

याचं कारण असं की कॉलमला वजन कळतच नाही, त्याला कळतो तो आकार. रेणू मण्यांच्या छिद्रांत किती शिरू शकतो एवढंच तो मोजतो, आणि स्टँडर्ड सगळे गोळीसारखे घट्ट. आमच्या प्रोटीनला टोकाला लांब सैल शेपूट आहे, ती फिरताना जास्त जागा घेते म्हणून ते लवकर बाहेर येतं आणि जड वाटतं. शेवटी कॉलमच्या नंतर लाइट स्कॅटरिंगचा डिटेक्टर (माल्स) लावला तेव्हा ६५ आलं, म्हणजे सरळ डायमर. माल्सला पीक कधी आला याच्याशी देणंघेणं नसतं म्हणून त्या आकड्यावर माझा विश्वास आहे. नुसत्या कॅलिब्रेशनचा आकडा मी आता कायम "अपेरंट" लावूनच लिहितो.

बफरमधल्या मिठाकडे पण लक्ष ठेवा. ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये हाच पीक १४.६ ला सरकला, मागे शेपटासारखा ओढला गेला आणि प्रोटीन फुकटच हलकं दिसायला लागलं, कारण ते मण्यांना थोडं थोडं चिकटत होतं. १५० ला १४.१, ३०० ला पण १४.१, मग कळलं की खरी जागा हीच. त्यामुळे नवीन प्रोटीन असेल तर मिठाच्या दोन वेगवेगळ्या प्रमाणांवर रन घ्याच.

आता अ‍ॅग्रिगेशन, ज्याच्यासाठी मी हा कॉलम खरा वापरतो. ८.२ च्या आसपास पीक दिसला की पहिल्यांदा २६० आणि २८० दोन्ही ट्रेस एकमेकांवर ठेवून बघा, २६० वरचढ असेल तर तो बहुतेक बॅक्टेरियाचा डीएनए-आरएनए आहे, नुसतं प्रोटीन नाही, आणि त्याचा इलाज प्युरिफिकेशनच्या आधीच्या पायरीत आहे. २८० वरचढ असेल तर तो खरा अ‍ॅग्रिगेट. मग मी १४.१ चं फ्रॅक्शन फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजेक्ट करतो. नुसता डायमरच आला तर जुना गाळ वेगळा निघाला आणि प्रोटीन ठीक आहे, पण व्हॉइडचा पीक परत उगवला तर प्रोटीन त्या बफरमध्ये टिकतच नाहीये आणि कितीही वेळा कॉलमवरून काढलं तरी उपयोग नाही. आमच्याकडे हे फ्रीज-थॉ केलेल्या बॅचमध्ये व्हायचं, १० टक्के ग्लिसरॉल घातल्यावर बरंच कमी झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिकव्हरी मोजा, हे फारसं कोणी करत नाही असं मला दिसतं. एका बॅचचा ट्रेस इतका सुंदर होता, एकच सरळ पीक, व्हॉइडला काहीच नाही. पण ३ मिलिग्रॅम प्रति एमएलचे १०० मायक्रोलिटर म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम घातले होते आणि सगळी फ्रॅक्शन्स मिळून जेमतेम १७० निघाले. बाकीचं गेलं कुठे? थोडं लोड करायच्या आधीच्या स्पिनमध्ये खाली बसलं होतं आणि उरलेलं कॉलमच्या वरच्या फिल्टरवर अडकलं असणार, कारण प्रेशर पण हळूहळू चढत होतं. फार मोठे अ‍ॅग्रिगेट ट्रेसमध्ये येतच नाहीत, ते डिटेक्टरपर्यंत पोचायच्या आधीच गायब होतात. म्हणून मी स्पिनच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा कॉन्सन्ट्रेशन घेतो आणि पीकच्या एरियाशी ताळा लावतो.

उलट बाजूने पण एक मर्यादा आहे. कॉलममध्ये सॅम्पल कितीतरी पट पातळ होतं, त्यामुळे सैल बांधलेले डायमर वाटेतच सुटतात आणि मोनोमर म्हणून दिसतात. तसा संशय आला तर दहापट जास्त आणि दहापट कमी कॉन्सन्ट्रेशनवर लोड करून बघा, पीक सरकला तर तुमचा डायमर कॉन्सन्ट्रेशनवर अवलंबून आहे, आणि मग कॉलमवरचा कुठलाही एक आकडा पेपरात टाकू नका.