पत्ता बरोबर होता, तरीही फसलो

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या खात्यातून पैसे गेले. मी कुठल्याही लिंकवर बोट ठेवलं नव्हतं, कुणाला फोनवर ओटीपी सांगितला नव्हता. बँकेचा पत्ता मी स्वतः, अक्षर न अक्षर बरोबर टाइप केला होता. नेहमीचंच पान उघडलं. पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, पान फिरत राहिलं आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणीतरी तेच दोन्ही वापरून खातं रिकामं केलं.

चूक घरातल्या राउटरमध्ये होती. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण फोनला लागतो तिचा आकड्यांतला पत्ता, आणि तो सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. कुणाला विचारायचं हे फोनला बहुतेक वेळा राउटर सांगतो. माझ्या राउटरचं सॉफ्टवेअर सहा वर्षांपूर्वीचं. त्यातल्या जुन्या दोषातून बाहेरच्या माणसाने शिरून डीएनएस बदलला होता. मग बरोबर नावालाही चोराचं पान उघडणारच. हे नवीन नाही. ब्राझीलमध्ये २०११-१२ मध्ये सुमारे ४५ लाख मोडेमचे डीएनएस असेच बदलले गेले होते.

आता फोनबद्दल, कारण मला याचीच जास्त चुटपुट लागली आहे. साइट खरी असल्याची खूण म्हणजे तिचं प्रमाणपत्र. खोट्या पानाला बँकेचं प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून ते सुरक्षित https ऐवजी साध्या http वर चालत होतं. त्याच आठवड्यात शेजारच्या काकांचं नेट बंद होतं, म्हणून ते माझ्या वायफायवर बँकेचं काम करायला बसले. त्यांच्या फोनवर पत्त्याशेजारी Not secure आलं आणि ते थांबले. क्रोमने २०१८ पासून प्रत्येक http पानावर ही सूचना दाखवायला सुरुवात केली. माझ्या फोनवरचा ब्राउझर त्याआधीचा. त्यावर काहीच दिसलं नाही. तेव्हा माझा शिळा राउटर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला खड्ड्यात नेत होता, हे मला काकांनी सांगितल्यावर कळलं.

ओळखायचं कसं? वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तोच पत्ता उघडा. पत्त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघा. तिथे सुरुवातीला https दिसतं आणि वायफायवर दिसत नाही, तर लगेच थांबा. मग राउटरचं पान उघडा. पत्ता राउटरखाली चिकटवलेला असतो, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. तिथे DNS समोर तुमच्या इंटरनेट कंपनीने न दिलेले, तुम्हीही न टाकलेले आकडे असतील तर राउटर फॅक्टरी रीसेट करा. पण नुसत्या रीसेटने दोष तसाच राहतो, म्हणून लगेच Firmware Update करा, म्हणजे राउटरचं सॉफ्टवेअर नवं करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला आणि बाहेरून राउटर चालवू देणारं Remote Management बंद ठेवा.

माझ्या राउटरला कंपनी आता अपडेटच देत नाही, म्हणून तो मी बदलला. तुमच्यापैकी कुणाला ते पान उघडता येत नसेल, तर सभा संपल्यावर मला थांबवा. मी घरी येऊन बघतो.