एकादशीच्या पन्नास पानांसाठी साबुदाणा की भगर?

एकादशीला भजनासाठी पन्नास माणसे बोलवायची असतील, तर साबुदाण्याची खिचडी आणि भगर-आमटी यांतून निवड करताना चवीआधी मंडळी एका पंगतीला बसणार की येतील तशी जेवणार, हे ठरवावे लागते. नाशिकमध्ये दोन्ही पदार्थ सारखेच परिचित आहेत आणि वरई तर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांतच पिकते.

खिचडीसाठी चार किलो साबुदाणा आणि दोन किलो दाण्यांचे कूट पुरते. साबुदाणा धुऊन, तो जेमतेम बुडेल एवढेच पाणी ठेवून रात्री भिजत घालावा. सकाळी दाणा बोटांत दाबल्यावर सहज चिरडला गेला, तर तो भिजला असे समजावे. मधोमध टणक कणी लागल्यास पाण्याचा हबका मारून तासभर झाकून ठेवावा. चारही किलो एकाच कढईत परतू नयेत, कारण खालचा थर वाफेने चिकटतो आणि वरचा कच्चा राहतो. भिजवण्यापूर्वीच्या वजनाने एकेक किलोचे चार घाणे काढावेत. तरीही खिचडी निवली की अर्ध्या तासात घट्ट होऊ लागते आणि झाकून ठेवली तर गोळा होतो, म्हणून ती पंगत बसल्यावरच परतावी.

भगरीचे गणित निराळे आहे. तीन किलो भगर निवडून, धुऊन, तुपावर जिऱ्यासह परतावी आणि तिप्पट उकळते पाणी घालून मंद आचेवर शिजवावी. तीही निवल्यावर आळते. मात्र उकळत्या पाण्याचा हबका देऊन ती पुन्हा मोकळी करता येते आणि वरून गरम आमटी पडल्यामुळे उशिरा आलेल्यालाही ताजे जेवण मिळते. आमटीला दीड किलो भाजलेले दाणे बारीक वाटून घ्यावेत. ती तळाशी लागते, म्हणून पातेल्याजवळ एक माणूस ढवळायला हवाच.

संध्याकाळी सात ते साडेनऊ भजन असेल आणि लोक अधूनमधून उठून जेवणार असतील, तर मी निःशंकपणे भगर निवडेन. आरतीनंतर सगळे एकदम बसणार असतील, तर खिचडी.

या निवडीला एक मोठा अपवाद आहे. काही घरांत वरई धान्यात धरतात आणि एकादशीला वर्ज्य मानतात, त्यामुळे निमंत्रण देतानाच विचारून घ्यावे. हळद, कोथिंबीर यांबाबतही घरोघरी चाल वेगळी असते. ती दोन्ही वगळून आमटीत मिरची, जिरे, आमसूल, गूळ आणि सैंधव एवढेच घातले, तर बहुतेकांची अडचण टळते. वरई न खाणारे आठदहा जण निघाले, तर त्यांच्यापुरता एक किलो साबुदाणा भिजवून ठेवावा आणि ते बसताना परतावा.

भगरीचे पीठ मात्र सुटे किंवा जुने घेऊ नये. दमट साठवणीत त्यावर बुरशी धरते आणि त्यातून विषबाधा होते. थालीपीठ हवेच असेल, तर धुऊन वाळवलेली भगर आदल्या दिवशी घरीच दळावी. कुबट वास आला किंवा चव कडवट लागली, तर ते पीठ टाकून द्यावे.