पिशवी कितीदा वापरली की वसूल होते?

गोकुळपेठेत भाजी घेताना वहिनींनी विचारलं, "सुती पिशवी घेऊ की कागदी?" घरात सुती सहा पडल्यात, तरी!

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2011 च्या अहवालात तुलना एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी आहे. हवामानावरचा भार तिच्याइतका उतरवायला कागदी 3 वेळा, सुती 131 वेळा वापरावी लागते. आठवड्याला दोन बाजार धरले तर सुतीला सव्वा वर्ष. कागदी मात्र ओल्या पालकानं पहिल्याच फेरीत फाटते. नाल्यात तुंबणारं, गाईच्या पोटात जाणारं प्लास्टिक या आकड्यांत नाही.

सुतीचा भार मुख्यतः कापूस पिकवण्यात, कापड बनवण्यात. म्हणून रोजच्या भाजीला जुन्या साडीची शिवा. कोरड्या, किरकोळ सामानाला कागदी. घरातली जाड प्लास्टिकची फाटेपर्यंत वापरा.